चहाची धार खरखरते का आणि पान ऐकू का येत नाही

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला राहते. एक मिनिटाचा एएसएमआर व्हिडिओ करायचा आहे, म्हणजे हळुवार आवाज ऐकून काहींना डोक्यात सुखद झिणझिण्या येतात तसला. फक्त चहा ओतणं आणि जुन्या पुस्तकाची पानं उलटणं, बोलणं नाही, गाणं नाही. दोनदा करून पाहिला. चहा पातेल्यातून थेट कपात गाळते, फोन हातभर लांब डब्याला टेकवून ठेवते. चहाचा आवाज जुन्या टीव्हीच्या मुंग्यांसारखा खरखर येतो, मागे घूं घूं असते आणि पानांचा आवाज तर जवळजवळ नाहीच. चांगला माइक घेऊ का, की माझंच काही चुकतंय?

उत्तर:

माइक आत्ता घेऊ नका. तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत आणि त्यातल्या दोन तर एक रुपया न घालवता जातील. खरखर गाळणीची आहे. घूं घूं खोलीची आहे, पण फोन ती फुगवून दाखवतोय. पानाचा प्रश्न तेवढा खरा अवघड आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी चहा. ओतताना आपण जे ऐकतो तो द्रवावर द्रव आपटल्याचा आवाज फारसा नसतोच. धार कपातल्या चहात शिरताना सोबत थोडी हवा आत ओढून नेते, त्या हवेचे बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा तयार होताना क्षणभर आकसतो-फुगतो. तो बुडबुडाच वाजतो. मोठा बुडबुडा खालच्या सुरात, लहान वरच्या सुरात. तीन मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण 1000 हर्ट्झला बोलतो, एक मिलिमीटरचा 3000 च्या पुढे. कानाला गोड वाटणारं जे ‘डुबुक डुबुक’ आहे ते मोजक्या, थोड्या मोठ्या बुडबुड्यांचं असतं.

आता गाळणी मध्ये आली की काय होतं? एका धारेच्या पंचवीस-तीस बारीक धारा होतात, त्या खाली येईस्तोवर तुटून थेंब होतात आणि प्रत्येक थेंब आपापला बारीक बुडबुडा करतो. एकाच वेळी शेकडो बारीक बुडबुडे, सगळे वरच्या सुरात, कुणाचा कुणाला मेळ नाही. पत्र्यावरचा पाऊस आणि जुन्या टीव्हीच्या मुंग्या यांची जातकुळी हीच. तुमच्या कानाने बरोबर ओळखलं आहे, रेकॉर्डिंग बिघडलेलं नाही, आवाजच तसा होतोय.

म्हणून चहा आधी किटलीत गाळून घ्या आणि व्हिडिओत किटलीतून ओता. किटली नसेल तर चोच असलेलं लहान पातेलं चालेल, पण साध्या काठाच्या पातेल्यातून धार काठावरून पसरते, बाहेरून ओघळते आणि शेवटी थेंब कपाच्या बाहेर पडतात. सांडशी वापरणार असाल तर तिचा सांधा कुरकुरतो हेही लक्षात ठेवा. नळीची किटली सर्वांत सोपी.

उंची ही दुसरी गोष्ट. टपरीवाला हातभर उंचीवरून धार सोडतो ते डोळ्यांना छान दिसतं, कानाला नाही. एवढ्या उंचीवरून धार खाली पोचेपर्यंत तुटते आणि पुन्हा थेंबांची खरखर. याउलट किटलीची नळी अगदी कपाच्या काठाला टेकवली तर धार इतकी शांतपणे आत शिरते की हवा ओढलीच जात नाही आणि आवाज जवळजवळ बंद होतो. मधली जागा शोधायची: नळीच्या टोकापासून चहाच्या पातळीपर्यंत आठ ते बारा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं आडवी धरली तर त्याहून थोडं जास्त. कप भरत जाईल तशी किटली हळूच वर घ्या, म्हणजे अंतर तेवढंच राहील.

धार पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक हवी. घरचा कप साधारण दीडशे मिलिलिटरचा असतो आणि आपण तो तीन-चार सेकंदांत भरून मोकळे होतो. इथे त्याला बारा सेकंद द्या. त्याहून सावकाश गेलात तर धार इतकी बारीक होते की लवकर तुटते आणि मग टप टप सुरू होते. हात स्थिर राहावा म्हणून कोपर टेबलाला किंवा मांडीला टेकवा. सराव दुधाच्या चहावर करू नका, नुसत्या पाण्यावर करा, पण ते पाणी चांगलं गरम घ्या. गरम आणि थंड पाणी ओतताना वेगळं वाजतं: थंड पातळ आणि वरच्या सुरात, गरम जरा भरदार. डोळे मिटूनही बहुतेकांना हा फरक कळतो. थंड पाण्यावर कान बसवलात तर प्रत्यक्ष चहा ओतताना आवाज ‘बसका’ वाटून तुम्ही विनाकारण उंची वाढवाल. याच कारणाने थंड चहा ओतून वर वाफेचं चित्र जोडायची युक्तीही करू नये, ऐकणाऱ्याला खोट कुठे आहे ते सांगता येत नाही पण खटकतं.

दुधाच्या चहाची एक वेगळी अडचण आहे, फेस. उकळी आणून लगेच गाळलेल्या चहावर फेस असतो, ओतताना तो कपात पुन्हा वाढतो आणि धारेचा आवाज गादीवर पडल्यासारखा मुका होतो. पहिली तीन सेकंदं छान आणि मग सगळं दबलेलं, असं ऐकू आलं तर दोष फेसाचा आहे. गाळल्यावर किटलीत दोन मिनिटं तसाच राहू द्या. त्याहून जास्त ठेवलात तर साय धरते आणि मधेच सायीचा तुकडा नळीत अडकून धार तिरकी होते. कोऱ्या चहाला यातलं काहीच नाही, आवाज त्याचाच सर्वांत स्वच्छ येतो. पण सांगलीतल्या घरात रात्री कोरा चहा ओततंय असं चित्र जरा परकं वाटेल, त्यामुळे थोडा त्रास घेऊन दुधाचाच करावा असं माझं मत.

कपाचाही विचार करा. कप भरत जातो तसा आवाजाचा सूर चढत जातो, कारण वरची हवेची पोकळी आखूड होत जाते. हा चढता सूर हाच या क्लिपचा जीव आहे, ऐकणाऱ्याला ‘आता भरला’ हे न बघता कळतं. पसरट कपात हा सूर ढोबळ हिशेबाने दुपटीपर्यंत चढतो. टपरीवरच्या अरुंद, उभ्या काचेच्या ग्लासात तिपटीच्या आसपास जातो. स्टीलचा पेला टाळा, त्याची भिंत पातळ असते, पहिली धार तळाला लागताच तो स्वतःच टणत्कार करतो आणि तो टण पुढच्या सगळ्या हळुवार आवाजांवर चढून बसतो. मातीच्या कपाचं उलट, त्यात सगळंच विझतं. अरुंद काचेचा ग्लास किंवा जाड चिनी मातीचा उभा कप, यांतलं एक निवडा. ग्लास घेतलात तर तो आधी कोमट पाण्याने विसळा, एकदम गरम चहाने तडकायला नको.

आता घूं घूं. बहुतेक फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. ती फोनवर बोलण्यासाठी केलेली आहे. समोरचा हळू बोलला की आवाज वाढव, मोठ्याने बोलला की कमी कर. तुम्ही शांत बसलात की फोनला वाटतं कुणीतरी फार हळू बोलतंय, म्हणून तो सगळं वाढवतो आणि त्यात फ्रिजची घरघर वर येते. ओळखायची खूण सोपी आहे. चहा ओतत असताना घूं घूं दबते आणि ओतणं थांबल्यावर एक-दोन सेकंदांत हळूहळू फुगत वर येते, असं असेल तर हीच सोय चालू आहे. जोडीला आवाज ‘साफ’ करणारी दुसरी सोय असते, ती पानाची सळसळ गोंगाट समजून चक्क पुसून टाकते. तुमची पानं गेली त्यातला अर्धा दोष इथे आहे.

अँड्रॉइड फोन असेल तर मूळ कॅमेऱ्याऐवजी `Open Camera` हे मोफत ॲप घ्या. त्याच्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये `Audio source` असतो, तिथे `Unprocessed` निवडा. काही फोन ते मानत नाहीत, मग `Camcorder` आणि `Voice recognition` दोन्ही लावून दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि ज्यात शांततेत घूं घूं फुगत नाही ते ठेवा. रेकॉर्ड झालेला आवाज आधीपेक्षा बारीक वाटेल. घाबरू नका, तो खरा आहे, नंतर वाढवता येतो.

मग फोन जवळ आणा. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. हातभर म्हणजे साधारण ऐंशी सेंटिमीटर धरू. तिथून वीस सेंटिमीटरवर आलात तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत चहा आधीपेक्षा बारा डेसिबलने वर आला. बाजारातलं कुठलंही स्वस्त यंत्र तुम्हाला एवढा फरक देणार नाही. वीस सेंटिमीटरच्या आत मात्र जाऊ नका आणि कपाच्या वर तर अजिबात नको, वाफ माइकच्या भोकात शिरली की आवाज दबतो आणि भिंगावर धुकं येतं. फोन बाजूने, कपाच्या काठाच्या उंचीला, किंचित तिरका धरा. बहुतेक फोनांचा मुख्य माइक चार्जिंगच्या खाचेजवळ खाली असतो, ते टोक कपाकडे हवं.

इथे चित्र आणि आवाज यांची भांडणं लागतात. वीस सेंटिमीटरवरून किटली, हात आणि कप एकत्र चौकटीत मावत नाहीत. उपाय एकच: दोन फोन. एक चित्राला साठ-सत्तर सेंटिमीटरवर, दुसरा फक्त आवाजाला जवळ आणि चौकटीबाहेर. दोन्ही सुरू केल्यावर चमच्याने कपाला एकदा हळूच टिचकी मारा, ती टिचकी दोन्हीकडे दिसेल-ऐकू येईल आणि नंतर तिच्यावरून जुळवता येईल. दुसरा फोन मिळाला नाही तर तेच दृश्य दोनदा करा, एकदा चित्रासाठी आणि एकदा आवाजासाठी. सिनेमात असे आवाज असेच वेगळे धरतात, त्यात फसवणूक काही नाही.

खोली कुठली? स्वयंपाकघर नको. फरशी, टाइल्स, कडप्प्याचा ओटा, स्टीलची मांडणी, सगळं कठीण. आवाज त्यावर आपटून परत येतो आणि चहा बादलीत ओतल्यासारखा वाटतो. चहा तिथे करा, पण किटली-कप ट्रेमध्ये घेऊन झोपायच्या खोलीत या. चौरंगावर किंवा लाकडी पाटावर जाड टॉवेलाची चौपदरी घडी, तिच्यावर कप. फोन वेगळ्या टॉवेलावर, त्याच पाटावर नको, नाहीतर किटली ठेवल्याचा धक्का लाकडातून थेट माइकमध्ये जाईल. फोनच्या मागे दोरीवर किंवा उघड्या कपाटाच्या दारावर एक वाकळ टाका. माणदेशातलं जाड लोकरीचं घोंगडं घरात असेल तर त्याहून उत्तम, पातळ चादरीने काहीही होत नाही. एक गैरसमज इथेच काढून टाकतो: वाकळीने किंवा घोंगड्याने बाहेरचा आवाज थांबत नाही. ती फक्त खोलीतला घुमारा खाते. रस्त्यावरच्या बुलेटसाठी दुसरा उपाय नाही, ती जाऊ द्यायची.

वेळ रात्री दीड ते पहाटे चार. अकराला शांत वाटतं, पण कुणाचा तरी टीव्ही, पाण्याची मोटर आणि कुत्री यांची वर्दळ असते, चारनंतर गाव जागं व्हायला लागतं. ऋतूही पाहा. पावसाळ्यात सांगलीत रातकिडे आणि बेडूक असतात, त्यातला रातकिडा हा खरा शत्रू, कारण त्याची किरकिर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असते आणि पानाची सळसळही नेमकी तिथेच. एक काढायला गेलात की दुसरी जाते. उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, तेही गाणी लावून. हमरस्त्यालगत घर असेल तर फेब्रुवारी उतरेपर्यंत मागची खोली शोधा.

घरातल्या आवाजांपैकी पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर आणि चोकवाली ट्यूब ही चार बंद करायची. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे यांची घरघर 100 हर्ट्झवर आणि तिच्या पटीत बसते, भिंतीपलीकडून पण येते. फ्रिज अर्धा तास बंद राहिला तर दार न उघडता दुधाला काही होत नाही. मात्र रेकॉर्डिंग संपल्यावर तो चालू करायला विसरणं हा या धंद्यातला सर्वांत जुना अपघात आहे, म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून मगच बटण बंद करतात. फोन एरोप्लेन मोडवर. भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत. आणि बांगड्या: एक तर सगळ्या उतरवा, नाहीतर मुद्दाम ठेवा आणि काचेच्या बांगड्यांची किणकिण हा क्लिपचा भाग करा. एकच बांगडी राहिली की ती नेमकी नको तिथे वाजते. कडक इस्त्रीची बाही, सिंथेटिक ओढणी हीसुद्धा पानापेक्षा मोठ्याने सळसळतात, धुवून मऊ झालेला सुती कपडा घाला.

सगळं मांडून झालं की काहीही न करता दहा सेकंद रेकॉर्ड करा. मग तसंच ओततानाचं. लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडून पाहा. शांतता उणे साठ डेसिबलच्या आसपास आणि चहा उणे पंचवीसच्या वर असेल तर पुढे जा. दोघांत पंचवीस डेसिबलपेक्षा कमी फरक असेल तर संपादनात हात घालू नका, अजून काहीतरी चालू राहिलंय किंवा फोन लांब आहे. ही दहा सेकंदांची शांतता टाकून देऊ नका, पुढे तिचं काम आहे.

आता पान. फोनमधल्या चिमुकल्या माइकचा स्वतःचा असा एक शूं असतो, शांत खोलीत तीस डेसिबलच्या जवळपास भरेल एवढा. वीस सेंटिमीटरवरचा चहा त्याच्या कितीतरी वर असतो, म्हणून चहाला फोन पुरतो. सावकाश उलटलेलं पान मात्र त्याच्या अगदी काठावर असतं. इथे तुम्हाला फोन आणखी जवळ, दहा सेंटिमीटरवर आणावा लागेल, वाफ नाही तेव्हा धोका नाही. आणि मुख्य म्हणजे जरा बोलका कागद निवडावा लागेल.

नव्या, गुळगुळीत कागदाच्या पुस्तकाचं पान चिरकतं, प्लॅस्टिकसारखं. चकचकीत मासिकही तसंच. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, खरखरीत पिवळट कागदाच्या कादंबरीचं पान कोरडं, भरदार वाजतं. जुन्या दिवाळी अंकाच्या आतल्या पानांना मधला आवाज असतो. कापडी बांधणीची खतावणी मिळाली तर तिचं जाड पान सर्वांत छान, बोट सरकताना, वाकताना आणि पडताना तिन्ही वेळा वेगळं बोलतं. सुट्या पानांची पोथी मोहात पाडते, पण पान पुढे सरकवून पालथं ठेवताना एकच लांब ‘सर्र’ येतो आणि संपतो. 2019 च्या पुरात भिजून वाळलेली पुस्तकं सांगलीत अजून अनेक घरांत आहेत. त्यांची पानं लाटांसारखी झालेली असतात आणि हात लावताच कडकड करतात, कधी किती वाजतील सांगता येत नाही. शिवाय बुरशी असते, तोंडाजवळ आणू नका.

पावसाळ्यात तेच पुस्तक मुकं होतं. कागद हवेतली ओल पितो, नरम पडतो आणि वाकताना कुरकुरत नाही. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी पुस्तक घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या आठ-दहा पुड्यांसोबत ठेवा. दुसऱ्या रात्री डब्यातून काढून लगेच वापरा, तासभर उघडं राहिलं की परत ओल धरायला लागतं.

उलटायची पद्धत अशी. पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर तर्जनी हलके ठेवा आणि एखादं सेकंद नुसती कडेवरून खाली सरकवा: हा पहिला आवाज, बारीक ‘सर्र’. मग पान उचलून वाकवा, वाकण सगळ्यांत जास्त असते तिथे कागद बोलतो, तिथे हात जरा सावकाश करा. शेवटी पान टाकू नका, तळव्याने खाली नेऊन ठेवा आणि तळवा एकदा पानावरून फिरवा. सगळं मिळून साडेतीन-चार सेकंद. बोटं कोरडी हवीत, क्रीम लावलेलं बोट सरकत नाही आणि आवाजही होत नाही. बोट जिभेला लावून पान उलटायची आपल्याकडची सवय इथे सोडा, तो ओला आवाज काहींना आवडतो आणि बाकीचे पुढच्या व्हिडिओवर जातात. डोकं मागे, श्वास तोंड किंचित उघडं ठेवून. नाकाचा श्वास पानापेक्षा मोठा येतो.

एवढं करूनही पानामागे शूं राहिला आणि तुम्हाला असे वीसेक व्हिडिओ करायचेच असतील, तर मात्र माइक घ्या. घेताना एकच आकडा पाहा: माइकचा स्वतःचा गोंगाट दहा डेसिबलच्या आत असावा. चांगल्या मोठ्या पडद्याच्या कंडेन्सर माइकमध्ये तो पाचच्या आसपास असतो, पण त्याला जोडीला इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबीही लागते. कॉलरला लावायचे स्वस्त वायरलेस माइक या कामाचे नाहीत, त्यांच्या आतला पडदा फोनच्याच जातीचा असतो आणि आवाज साफ करण्याची सोय बहुधा चालूच येते.

संपादन थोडक्यात. ऑडॅसिटीत `High-Pass Filter` चहाला 90 हर्ट्झवर, पानाला 120 वर लावा, फ्रिज-ट्रॅक्टरची उरलीसुरली घरघर त्याने कमी होते. `Noise Reduction` सहा डेसिबलच्या पुढे नेऊ नका. ते बोलण्यासाठी ठीक आहे, पण ओतण्याचा आणि कागदाचा आवाज मुळातच गोंगाटासारखा असतो. सॉफ्टवेअरला चहा आणि शूं यांत फरक कळत नाही, मग ते चहाच खरवडायला लागतं आणि पाण्याखालून आल्यासारखे किणकिणते तुकडे उरतात. ते ऐकू आले की मागे फिरा, थोडा शूं राहिलेला बरा. दोन आवाजांच्या मध्ये कोरी जागा सोडू नका, तिथे ती दहा सेकंदांची खोलीची शांतता अंथरा, नाहीतर ऐकणाऱ्याला कान बंद झाल्यासारखं वाटतं. चमचा किंवा किटलीचं झाकण वाजलं असेल तर तेवढाच तुकडा निवडून सात-आठ डेसिबलने खाली घ्या. एकूण आवाज फार वाढवू नका. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, लहान आवाज वर नेत नाही, त्यामुळे सगळं उणे वीस एलयूएफएसच्या, म्हणजे कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्या मापाच्या, आसपास ठेवलं की चहा ऐकू येतो आणि झोपेला टेकलेला माणूस दचकत नाही. तपासताना वायरचे हेडफोन वापरा.

तुमच्या क्लिपची मांडणी मी अशी करेन, पन्नास सेकंदांत. पहिली तीन सेकंदं नुसती खोली, चित्रात रिकामा ग्लास आणि मिटलेलं पुस्तक. तिसऱ्या सेकंदाला किटली उचलल्याचा हलका आवाज, चित्रात ती येण्याच्या किंचित आधी. पाचव्यापासून सतराव्यापर्यंत धार, कापाकापी नाही, एकच सलग दृश्य. मग शेवटचे तीन-चार थेंब, टप... टप, हे थेंब पुसून टाकू नका, बरेच जण त्यांच्यासाठीच बघतात. किटली टॉवेलावर ठेवल्याचा मऊ धप. तेविसाव्याला पुस्तक उघडतं, बांधणीची एकदाच कुरकुर. पुढे चार पानं, पण ठेक्यात नाही: दोन पानांत कधी एक सेकंद जाऊ द्या, कधी अडीच, जसं वाचताना होतं. सारख्या अंतराने उलटली की वाचतंय असं वाटत नाही, मोजतंय असं वाटतं. चवथं पान बेचाळिसाव्याच्या आसपास पडतं आणि उरलेल्या वेळात ग्लासातून वाफ येत राहते, बाकी काही नाही. चहाचा भुरका घालायचा मोह होईल, घालू नका. तोंडाचे आवाज हा वेगळा प्रकार आहे, तो सहन न होणारेही पुष्कळ.

हात सावकाश ठेवण्यावर इतका भर का, तर एएसएमआरच्या अनुभवात आवाजाइतकंच हालचालीचंही काम असतं. स्वान्सी विद्यापीठातल्या बॅरट आणि डेव्हिस यांनी 2015 मध्ये हा अनुभव येणाऱ्या 475 जणांना विचारलं होतं, त्यांत खुसखुशीत, स्पष्ट आवाजांचं नाव 64 टक्क्यांनी घेतलं आणि संथ हालचालींचं 53 टक्क्यांनी. दुसरीकडे कित्येकांना यातलं काहीच जाणवत नाही, त्यामुळे घरच्या एकाच माणसाला दाखवून निकाल लावू नका.

शेवटची तीन सेकंदं आणि पहिली तीन सेकंदं यांना खोलीच्या शांततेचा एकच तुकडा वापरा. यूट्यूबवर असा छोटा व्हिडिओ शॉर्ट म्हणून टाकला तर संपल्यावर तो आपोआप परत सुरू होतो, तेव्हा सांधा ऐकू येत नाही आणि दुसऱ्यांदा किटली उचलली गेल्याचं बघणाऱ्याला उशिरा कळतं.